बॉलवरचा लाल ठसा

डिचोलीच्या मैदानावर पावसाच्या उघडिपीत फुटबॉलचं कोचिंग करायचं म्हणजे बुटांना लाल चिखल चिकटणारच. त्या संध्याकाळी तो चिखलच माझ्या कामी आला.

आमच्या संघात एक उजव्या पायाचा पोरगा आहे, लाथ जबरदस्त. पण फ्री किक मारली की बॉल सरळ बारवरून जायचा. "सर, सगळं यूट्यूबवर दाखवतात तसंच करतो, पण वळत नाही," तो वैतागला होता. मी नवाकोरा पांढरा बॉल फडक्याने पुसून पेनल्टी एरियाच्या बाहेर, थोडा डावीकडे ठेवला. गोलपासून साधारण वीस मीटर. नियमाप्रमाणे समोरच्या खेळाडूंची वॉल किमान 9.15 मीटरवर हवी, म्हणून तिच्या जागी बांबू रोवले आणि त्याला म्हटलं, "मार. आणि बॉल आणून दाखव."

बॉलवर रुंद ठसा उठला होता, बरोबर मध्यावर आणि खालच्या बाजूला. बूट बॉलच्या मध्यरेषेतून गेला की बॉल उचलला जातो, पण बाजूने फिरत नाही. बाजूची फिरकी नसेल तर हवा त्याला सलग एकाच बाजूला ओढत नाही. उजव्या पायाच्या आतल्या बाजूने मारलेली किक डावीकडे वळायला हवी असेल, तर लाथ बॉलच्या उजव्या अर्ध्यावर बसायला हवी. मागून बघताना बॉल म्हणजे घड्याळाची तबकडी मानली, तर चाराच्या आकड्यापाशी: मध्यापासून बाजूला आणि किंचित खाली. बुटाचा भाग कुठला, तर अंगठ्याच्या मुळाशी जे हाड लागतं तो. बोटांची टोकं नव्हेत आणि लेसही नव्हे.

आता त्याने चूक उलट्या बाजूला केली. ठसा पार उजव्या कडेला. बॉल गरगर फिरला, वळलाही सुंदर, पण एवढा मंद की आमच्या गोलकीपरने चालत जाऊन उचलला. मध्यापासून जितकं लांब मारावं तितकी फिरकी वाढते आणि वेग कमी होतो. एका मर्यादेपलीकडे बूट नुसताच घसरतो, मग फिरकीही मिळत नाही. ओल्या बॉलवर ही मर्यादा लवकर येते, म्हणून आमच्याकडे जुलैत शिकवलेली किक डिसेंबरात जास्त वळते. पोरांना वाटतं, आपण सुधारलो!

पण ठसा चुकत होता त्याचं खरं कारण पायात नव्हतं, धावण्यात होतं. तो बॉलच्या सरळ मागून येत होता. तसं आलं की कंबर अडते आणि बुटाची आतली बाजू बॉलच्या उजवीकडे पोचतच नाही. मी त्याला तीन पावलं मागे आणि दोन पावलं डावीकडे नेलं, म्हणजे तिरका रन-अप. डावा पाय बॉलच्या शेजारी, वीतभर अंतरावर टेकवायचा. हा पाय बॉलच्या मागे राहिला की अंग मागे कलतं आणि बॉल पुन्हा बारवर. अंग कलायला हवं ते डावीकडे, टेकलेल्या पायावर, डावा हात बाहेर पसरून. त्यामुळे उजव्या पायाला वळून यायला जागा मिळते. घोटा मात्र घट्ट.

राहिला फॉलो-थ्रू. बरीच पोरं लाथ बसल्यावर पाय मुद्दाम वळवून दाखवतात, ती निव्वळ नाटकं. बूट बॉलला लागून असतो तो सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागापुरता. बॉल सुटल्यावर पाय काहीही करो, त्याला कळत नाही. तरीही मी फॉलो-थ्रू बघतो, कारण लाथ बसताना पाय कुठल्या वाटेने आणि किती वेगात होता ते त्यात दिसतं. पाय मध्येच थांबला तर समजावं, भीतीने आधीच वेग काढून घेतला होता. नीट बसलेल्या किकेत उजवा पाय वर जातो, शरीरासमोरून डावीकडे येतो आणि कंबरही वळते.

नेम कुठे धरायचा हे शेवटी सांगितलं. "कोपऱ्याकडे बघू नको. वॉलच्या उजव्या टोकाच्या बांबूबाहेरून काढ." बॉल पुढे जाताना वेग जितका घटतो तितकी फिरकी घटत नाही, म्हणून शेवटच्या टप्प्यात वळण ठळक दिसतं. ब्राझीलच्या रॉबेर्तो कार्लोसची 1997 मधली फ्रान्सविरुद्धची किक अशीच गोलबाहेर चाललेली वाटली होती. ती डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने होती, आणि आमच्या पोरांनी आधी तीच मारून बघू नये.

पुढची किक बांबूबाहेरून गेली आणि डाव्या पोस्टच्या आतल्या बाजूला आपटून जाळीत शिरली. ठसा जिथे हवा तिथेच, लहान आणि स्वच्छ. पोरगा लगेच बॉल उचलून मैदानाच्या उजवीकडे निघाला. मी हाक मारून थांबवलं. तिथून जवळच्या पोस्टकडे आत वळणारी किक हवी असेल, तर ती आमच्या डावखुऱ्या बॅकची.