चार मार्क कमी

आज पेडण्यात आमच्या बाईंकडे गेलो तर पडवीत वहीवर पट्टीने रेघा मारत बसलेल्या, रिटायर होऊन किती वर्षं झाली, आणि चवथीच्या वर्गाचं मार्कांचं रजिस्टर वाळवीने खाल्लं म्हणून सगळा तक्ता आठवून परत लिहितायत. आडवी मुलं, उभे विषय, शेवटी टोटल.

एका मुलापाशी अडल्या. मराठी 61, गणित 52, इंग्लिश 50, बेरीज 163. "पण टोटल 167 होती रे, पक्की." मी म्हटलं सोडा ना बाई, चार मार्कांनी काय होतंय. ऐकतायत कुठे! चहा निवला तरी पेन तसंच हातात.

मग एकदम, "अरे, पेपराच्या मागल्या पानावरचं गणित तपासायचंच राहिलेलं, तोच रडत घेऊन आला." 52 खोडून 56.

एका चौकोनात नुसतं 'गै.' मी शून्य म्हणालो तर चिडल्याच. "शून्य पेपर देणाऱ्याला. तो तापाने घरी होता."

खाली दोन चौकोन कोरेच. आठवत नाहीत म्हणे, आणि अंदाजाने भरणार नाही.

माझी ओळ बघायचं धाडस झालं नाही, तुम्ही बघितली असती?