नव्वद दिवसांचा नियम मी का पाळत नाही

“जिराच्या सीट्सचे पैसे भरतोय, मग नव्वद दिवस लॉगिन नसलेली खाती सरळ काढून का टाकत नाही?”

कारण ‘Last seen’ माणूस शेवटचा कधी आला ते सांगतं, पुन्हा कधी येणार ते नाही. admin.atlassian.com वरून सीएसव्ही उतरवली की ही तारीख हाती येते आणि ती पाहून हात शिवशिवतात. पूर्वी मीही हाच नियम सांगायचो.

एका टीमचं उदाहरण घ्या. १४० खाती, त्यातली ३१ नव्वद दिवस शांत. जिराचा प्रवेश देणाऱ्या ग्रुपमधून त्या सगळ्यांना काढलं. त्यात कायदा विभागाच्या एक बाई होत्या. त्या मार्च आणि सप्टेंबरमध्येच कराराची तिकिटं तपासायच्या. सप्टेंबर उजाडला, तर असाइनीच्या यादीत त्यांचं नावच येईना. वर्कफ्लोमध्ये मंजुरीचं बटण फक्त legal-reviewers ग्रुपला दिसत होतं. रिलीज अडलं, म्हणून कुणीतरी एका डेव्हलपरलाच त्या ग्रुपमध्ये घातलं आणि त्याने पाच तिकिटं मंजूर केली. सीट लगेच परत देता आली, पण तिकिटांच्या हिस्टरीत मंजुरी त्या डेव्हलपरच्याच नावावर राहिली. कायदेशीर तपासणी झालीच नव्हती. एका सीटच्या बचतीसाठी हे मला पटत नाही, अजूनही.

म्हणून तारखेसोबत काम पाहा. प्रत्येक संशयित खात्यासाठी, अकाउंट आयडी घालून:

```
status CHANGED BY "<accountId>" AFTER startOfYear(-1)
```

एखादं जरी तिकीट आलं, तरी तो माणूस निष्क्रिय नाही, क्वचित येणारा आहे. अशांचा वेगळा ग्रुप करा, त्याला जिराचा प्रवेश द्या आणि मुदत नव्वद दिवसांऐवजी तेरा महिने ठेवा, म्हणजे वार्षिक तपासणीचं एक पूर्ण चक्र त्यात बसतं. नुसत्या कॉमेंट करणारे मात्र या क्वेरीत सापडत नाहीत. त्यांच्याबद्दल प्रोजेक्ट लीडला विचारावंच लागतं.

बाकीच्यांना काढा, पण खातं डिलीट करू नका. डिलीट केलं की जुन्या कॉमेंटवर नावाऐवजी ‘Former user’ दिसतं. प्रवेश काढला तर नाव राहतं, सीट सुटते. सीट सुटली नाही, तर तो माणूस प्रवेश देणाऱ्या दुसऱ्या एखाद्या ग्रुपमध्ये आहे का ते बघा, बहुतेक वेळा तिथेच अडकलेलं असतं. आणि काढण्याआधी कोण कोणत्या ग्रुपमध्ये होतं याची यादी जपून ठेवा. परत आणताना तीच लागते.

नुसती मंजुरी देणाऱ्यांसाठी जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटचं पोर्टल असेल, तर तिथे मंजुरी द्यायला एजंटचं लायसन्स लागत नाही. पण कराराची तिकिटं दुसऱ्याच प्रोजेक्टमध्ये असली, तर ती तिथे हलवायची का, हे माझं अजून ठरलेलं नाही. दोन वर्षांतून एकदा येणाऱ्यांचं काय करायचं, हेही नाही.