माझा अनुभव : विहिरीच्या पाण्यातलं लोह आणि उणे आलेलं उत्तर

पाण्यात लोह आहे उणे ०.०४ मिलिग्रॅम प्रति लिटर. असं उत्तर कागदावर आलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, "शून्य लिहा आणि पुढे जा." हा सल्ला मला आमच्या प्रयोगशाळेतही मिळाला आणि ज्या कार्यालयात अहवाल द्यायचा होता तिथेही मिळाला. दोन्हीकडे मी तो मानला नाही, त्यामुळे काम बरंच लांबलं. अजून त्याची चीड आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

काम साधं होतं. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. जवळच्या गावाने तीन ठिकाणचं पाणी तपासायला दिलं होतं : डोंगरातल्या झऱ्यावरून नळाने आणलेलं, वाडीतल्या विहिरीचं आणि नव्या बोअरचं. आमच्याकडे सगळा जांभा. बोअरचं पाणी उपसताना स्वच्छ दिसतं आणि कळशीत थोडा वेळ राहिलं की तांबूस होतं, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. लोह ०.३ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलं की धुतलेल्या कपड्यांवर डाग पडू लागतात. गावाची तक्रारही तीच होती.

पद्धत फिनान्थ्रोलिनची. पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रॉक्सिलअमीन घालून उकळायचं, म्हणजे सगळं लोह विरघळून फेरस रूपात येतं. थंड झाल्यावर अ‍ॅसिटेट बफर आणि फिनान्थ्रोलिन घातलं की नारिंगी-लाल रंग येतो. दहा-पंधरा मिनिटं थांबून ५१० नॅनोमीटरवर अ‍ॅब्सॉर्बन्स वाचायचा, म्हणजे रंगाने किती प्रकाश शोषला तो आकडा. एवढं सगळं सुरळीत झालं.

अडलं ते रंगाचं लोहात रूपांतर करताना. त्यासाठीचा कॅलिब्रेशन कर्व्ह, म्हणजे किती लोह आहे ते ठाऊक असलेल्या द्रावणांवरून, स्टँडर्डवरून, काढलेली रेषा, प्रयोगशाळेत आधीपासून तयार होता. लॅमिनेट करून उपकरणाशेजारी चिकटवलेला आणि सगळे वर्षानुवर्षं वापरत आलेला. स्टँडर्ड ०, १, २, ३, ४ आणि ५ मिलिग्रॅम प्रति लिटरची. त्यांचे अ‍ॅब्सॉर्बन्स अनुक्रमे ०.००३, ०.२०३, ०.४०१, ०.५९४, ०.७८० आणि ०.९५५. त्यातून काढलेल्या सरळ रेषेचा उतार ०.१९१, छेद ०.०११९ आणि खाली ठळक अक्षरात, बिंदू रेषेशी किती जुळतात ते सांगणारा, R² = ०.९९९४.

झऱ्याच्या पाण्याचा अ‍ॅब्सॉर्बन्स आला ०.००५. त्यातून ०.०११९ वजा करून ०.१९१ ने भागलं की उणे ०.०४. विहिरीचा ०.०१०, म्हणजे उणे ०.०१. मी शंका काढली तर वरिष्ठ सरांनी R² च्या आकड्यावर बोट ठेवलं. "तीन नऊ आहेत, अजून काय पाहिजे?"

अजून काय पाहिजे ते त्याच कागदावर होतं. ज्या पाण्यात लोह मुळीच नाही त्या ब्लँकचा प्रत्यक्ष अ‍ॅब्सॉर्बन्स ०.००३ आहे. रेषा म्हणते तो ०.०११९ असायला हवा. म्हणजे शून्यापाशी ही रेषा खऱ्या बिंदूच्या बरीच वरून जाते आणि तिथलं प्रत्येक उत्तर सुमारे ०.०४ ते ०.०५ ने कमी दाखवते. बोअरला हा फरक जाणवतही नाही, पण झऱ्याला तो पाण्यातल्या लोहाहून मोठा आहे.

रेषा वर का गेली, हे फरक मांडल्यावर लगेच दिसतं. प्रत्येक स्टँडर्डच्या वाचनातून रेषेवरची किंमत वजा केली : शून्याला उणे ०.००९, एकला जवळपास काहीच नाही, दोनला अधिक ०.००७, तीनला अधिक ०.००९, चारला अधिक ०.००४, पाचला उणे ०.०१२. मोजणीतला साधा चढउतार असता तर चिन्हं कशीही विखुरली असती. इथे दोन्ही टोकं खाली आणि मधला भाग वर, म्हणजे बिंदू सरळ रेषेत नसून कमानीत आहेत. आमच्या जुन्या उपकरणात गडद द्रावणातून फारच थोडा प्रकाश पलीकडे जातो. त्यात थोडासा भरकटलेला प्रकाश मिसळला तरी अ‍ॅब्सॉर्बन्स कमी वाचला जातो. पाचच्या स्टँडर्डला ०.९९ ते १.०० यायला हवा होता, आला ०.९५५. तो एक बिंदू रेषेचं वरचं टोक खाली ओढतो, त्यामुळे खालचं टोक वर उचललं जातं. R² ला यातलं काही दिसत नाही, कारण तो आकडा मुख्यतः शून्य ते पाच या मोठ्या पसाऱ्याने ठरतो.

काहींनी सुचवलं, रेषा शून्यातून जबरदस्तीने न्या. त्याने छेद नाहीसा होतो, कमान नाहीशी होत नाही. शिवाय आपला ब्लँक शून्य नाही, ०.००३ आहे, आणि तो रसायनांमधल्या लोहामुळे आहे.

मी नवा कर्व्ह काढायचं ठरवलं आणि इथे सगळ्यात जास्त वाद झाला. रसायनं खर्च होणार, उपकरण अडणार, चालू कर्व्ह असताना कशाला? मला मात्र हे स्पष्ट होतं की नमुना जिथे आहे तिथे स्टँडर्ड असायला हवीत. विहिरीत लोह ०.०३ च्या आसपास असताना सगळ्यात जवळचं स्टँडर्ड १ चं असेल, तर मधल्या जागेत आपण रेषेवर नुसता भरवसा ठेवतो.

फेरस अमोनियम सल्फेट ०.७०२२ ग्रॅम घेऊन, थोडं सल्फ्युरिक आम्ल घातलेल्या पाण्यात एक लिटर केलं की त्यात १०० मिलिग्रॅम लोह येतं. ते आधी दहापट पातळ करून त्यातून ०.१, ०.२, ०.४, ०.६ आणि ०.८ ची स्टँडर्ड केली, सोबत ब्लँक. थेट १०० च्या द्रावणातून ०.१ करायला जाऊ नका, पिपेटमधला एक थेंबही तिथे महागात पडतो. प्रत्येक स्टँडर्ड तीनदा स्वतंत्र करून सरासरी घेतली : ०.००३, ०.०२३, ०.०४४, ०.०८३, ०.१२४, ०.१६३. एक्सेलमध्ये A रकान्यात स्टँडर्डमधलं लोह, B मध्ये त्यांची वाचनं आणि D मध्ये दहा ब्लँकची वाचनं भरली की तीनच ओळी लागतात :

```
=SLOPE(B2:B7,A2:A7)
=INTERCEPT(B2:B7,A2:A7)
=STDEV.S(D2:D11)
```

उतार आला ०.२००२ आणि छेद ०.००३३. छेद आणि ब्लँक एकमेकांशी जुळले, तेव्हा मला खरा दिलासा मिळाला. फरक काढले तर कुठेही ०.००१ च्या वर नाही आणि चिन्हं विखुरलेली.

तिसरी ओळ डिटेक्शन लिमिटसाठी आहे. त्यासाठी दहा ब्लँक केले, आणि हे महत्त्वाचं आहे की एकच ब्लँक दहा वेळा वाचला नाही. प्रत्येक वेळी नवं डिस्टिल्ड पाणी घेऊन, आम्ल घालून, उकळून, रंगाची रसायनं घालून शेवटपर्यंत नेलं. एकाच क्युव्हेटमधलं द्रावण पुन्हा पुन्हा वाचलं तर फक्त उपकरणाची थरथर कळते. काचेतून, आम्लातून आणि हाताळणीतून येणारा चढउतार त्यात नसतो, म्हणून मर्यादा खोटी छान दिसते. माझे दहा आकडे ०.००१ पासून ०.००५ पर्यंत फिरले आणि प्रमाण विचलन ०.००१२ आलं. त्याला ३.३ ने गुणून उताराने भागलं की ०.०२ मिलिग्रॅम प्रति लिटर. याच्या खाली लोह आहे की नाही हे आमच्या हातून सांगता येत नाही. ३.३ ऐवजी १० ने गुणलं की ०.०६. तिथून वर आकडा भरवशाने लिहिता येतो.

आता नमुने. झरा : ०.००५ वजा ०.००३३, भागिले ०.२००२, उत्तर ०.००८. मर्यादेच्या खाली, म्हणून "०.०२ पेक्षा कमी". विहीर : ०.०३. लोह आहे, पण ०.०६ च्या खाली असल्याने आकडा अंदाजे. बोअरचं द्रावण नव्या कर्व्हच्या बाहेर जात होतं, म्हणून १० मिलिलिटर नमुना ५० पर्यंत पातळ केला. अ‍ॅब्सॉर्बन्स ०.०८८, म्हणजे ०.४२३, आणि पाच पटीने २.१२. जुन्या कर्व्हने बोअरला २.१७ दिलं होतं. म्हणजे जुना कर्व्ह मधल्या भागात चालतो, आणि म्हणूनच इतकी वर्षं कुणाला संशय आला नाही.

अहवाल कार्यालयात गेला आणि परत आला. निकालाच्या रकान्यात फक्त आकडा हवा, "पेक्षा कमी" चालणार नाही. मी स्वतः गेले. टेबलावरचे भाऊ म्हणाले, "मॅडम, शून्य लिहिलंत तर आजच पुढे जाईल."

"भाऊ, शून्य मी मोजलेलंच नाही. ०.०२ च्या खाली काय आहे ते मला दिसत नाही, एवढंच मी मोजलंय."

"पण फरक काय पडतो?"

फरक पडतो तो पुढच्या वर्षी. यंदा शून्य लिहिलं आणि पुढच्या वेळी चांगल्या उपकरणाने कुणी ०.०१ मोजलं, तर कागदावर झऱ्यात नव्याने लोह आल्यासारखं दिसेल. मग पाइप गंजला का, जागा बदलायची का, यावर गावाचे पैसे जातील. पाण्यात काहीही बदललेलं नसताना.

त्यांना ते पटलं, पण तक्ता त्यांच्या हातात नव्हता. अहवाल आणखी काही आठवडे तिथेच पडून राहिला. शेवटी मी पद्धत, स्टँडर्डचा पल्ला, दहा ब्लँकचे आकडे आणि त्यातून काढलेली मर्यादा एका पानावर लिहून वरच्या साहेबांना दिली. त्यांनी ते पान वाचलं आणि "०.०२ पेक्षा कमी" तसंच ठेवून सही केली. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे पान पहिल्याच दिवशी अहवालाला जोडा. मर्यादा कशी काढली ते दिसलं की "पेक्षा कमी" ही पळवाट वाटत नाही.

राहिलेल्या काही गोष्टी. नमुना विहिरीवरच नायट्रिक आम्ल घालून भरा, नाहीतर लोह बाटलीच्या कडांना बसतं आणि प्रयोगशाळेत कमी भरतं. काचेची भांडी पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा आणि पिवळट झालेलं बाजारी आम्ल वापरू नका, त्यात लोह असतं आणि ब्लँक वर जातो. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून थंड क्युव्हेट बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, ते पुसल्याशिवाय वाचू नका. ०.००२ चा फरक आमच्यासाठी मोठा असतो. लाईट जाऊन आली की दिवा तापायला अर्धा तास द्या आणि मग आधी ब्लँक व ०.२ चं स्टँडर्ड पुन्हा वाचा. ते ०.०४४ च्या जवळ आलं नाही तर त्या दिवशीचे नमुने आधी काढलेल्या रेषेवर बसवू नका, कर्व्ह नव्याने काढा.