√39 की √75?

नववीच्या वर्गाला करणींची कार्यपत्रिका दिली होती. मागच्या पानावर उत्तरं छापलेली होती, त्यामुळे मुलांनी स्वतःच ताडून बघायचं असं ठरलं. तपासताना एका मुलाची वही समोर आली. √12 + √27 चं उत्तर त्याने √39 लिहिलं होतं आणि उत्तरपत्रिकेतल्या 5√3 शेजारी प्रश्नचिन्ह काढलं होतं.

ही चूक दरवर्षी भेटते. "सरूप करणींचीच बेरीज होते" एवढं सांगून पुढे जाता येतं, पण त्याने मुलांचं समाधान होत नाही. मी त्याला आधी अंदाज करायला लावला. √12 म्हणजे साधारण 3.46, √27 म्हणजे 5.20. बेरीज 8.66. आणि √39? जेमतेम 6.24. मग √12 = 2√3, √27 = 3√3, म्हणून 5√3, हे त्याने स्वतःच केलं.

"पण सर, 5√3 म्हणजे √75. बारा आणि सत्तावीस मिळून पंचाहत्तर कसे?"

प्रश्न झकास होता. मी म्हटलं, "बेरजेचा वर्ग कर." (√12 + √27)² = 12 + 27 + 2√324. √324 म्हणजे 18, त्याची दुप्पट 36. एकोणचाळीसात हेच छत्तीस कमी पडत होते. (a + b)² मधलं 2ab त्याला तोंडपाठ होतं, मुळं दिसली की मात्र ते गळायचं.

पान उलटलं तर छेदाच्या परिमेयीकरणातही तेच. 1/(√5 + √2) साठी त्याने वर-खाली √5 + √2 नेच गुणलं होतं आणि छेदात सरळ 7 लिहिले होते. खरं तर तिथे 7 + 2√10 येतात, म्हणजे छेदातली करणी जागची हलतच नाही. मधलं पद गळाल्यामुळेच त्याला काम फत्ते झाल्यासारखं वाटलं. त्याचं उत्तर दशांशात 0.52 येतं, मूळ अपूर्णांक 0.27. अनुबद्ध जोडीतली दुसरी करणी, √5 − √2, घेतली की मधली पदं एकमेकांना कापतात, छेद 5 − 2 = 3 होतो आणि उत्तर (√5 − √2)/3.

शेवटचं उदाहरण 6/(√12 + √3) होतं. आता तो लगेच √12 − √3 ने गुणायला निघाला. तसंही उत्तर येतं, फक्त वळसा पडतो. शेजारच्या मुलीने छेदच आधी सोपा केला होता: 2√3 + √3 = 3√3. मग 6/(3√3) = 2/√3, आणि वर-खाली √3 ने गुणून 2√3/3. तिची रीत मी फळ्यावर घेतली. त्याने स्वतःच्या रीतीने 6√3/9 पर्यंत येऊन पेन खाली ठेवलं होतं. तीनने भाग जातो हे तिनेच त्याला दाखवलं.