घाम, मळमळ आणि ग्लुकोमीटर

"डॉक्टर, आईच्या छातीत तर अजिबात दुखत नव्हतं. नुसता घाम आणि मळमळ. मग हा अटॅक कसा म्हणता?"

हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की ते मेंदूपर्यंत कळवण्याचं काम बारीक नसा करतात. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की तळपाय बधिर होतात, मुंग्या येतात, हे घरोघरी माहीत आहे. तशीच झीज हृदयाकडून येणाऱ्या नसांचीही होते. मग धमनी बंद पडते, स्नायू मरायला लागतो, आणि दुखण्याचा निरोप अर्धवट पोचतो किंवा पोचतच नाही. वर दिसतं ते एवढंच: दरदरून घाम, मळमळ, दम, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटणं.

बायकांबद्दल एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण हल्ली मोबाइलवर नेमकं उलटं फिरत असतं. बायकांनाही अटॅकमध्ये छातीतच त्रास होणं हे सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण आहे. फरक असा की त्याच्या जोडीला पाठ, मान, जबडा, उलटी, दम, थकवा हे पुरुषांपेक्षा जास्त वेळा येतं, आणि सांगताना बाई सुरुवात तिथूनच करते. आपल्या सोलापूरच्या पूर्वभागात दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या बाईला पाठ दुखणं हे काही सांगण्यासारखं वाटतच नाही. त्यात साखर जुनी असेल तर छातीतली कळही गायब. अशा वेळी काय होतं, ते एका बाईंच्या उदाहरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

वय 58, साखर 16 वर्षांची, गोळ्या आणि रात्री इन्शुलिन. मे महिना. पहाटे सहाच्या सुमारास घाम फुटला, पोट डब्ब झालं, दोनदा उलटी झाली. मुलाला वाटलं साखर उतरली. इन्शुलिन चालू असलेल्या घरात हा पहिला विचार चुकीचा नाही. त्याने साखरेचं पाणी पाजलं. घाम थांबेना म्हणून आणखी एक ग्लास. साडेसातला कुणीतरी ग्लुकोमीटर काढला, तर साखर 286.

माझ्या मते सगळ्यात बोलका क्षण हाच होता. साखर उतरल्यामुळे घाम आला असता, तर आकडा 70 च्या खाली सापडला असता, किंवा गोड पोटात गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांत घाम ओसरला असता. इथे आकडा चढलेला आणि घाम तसाच. नुसतं साखरेचं पाणी म्हणून आकडा चढला असं नाही. अटॅकच्या ताणाने शरीर स्वतःही साखर वाढवतं. घरच्यांना मात्र 286 बघून हायसं वाटलं. "उतरलेली नाही ना, मग उन्हाचा किंवा पित्ताचा त्रास असेल." गल्लीतल्या दवाखान्यातही पित्ताचं इंजेक्शन मिळालं आणि बाई घरी आल्या. ईसीजी निघाला नाही.

उलटी आणि पोटच का, यालाही कारण आहे. हृदयाची खालची भिंत छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टेकलेली असते. तिथला रक्तपुरवठा बंद पडला की व्हेगस नावाची नस चाळवते. मळमळ होते, आणि नाडी वेगाने पळायच्या ऐवजी मंदावते. पित्तासारखा दिसणारा अटॅक बऱ्याचदा या भिंतीचा असतो.

दहाच्या सुमारास शेजारच्या मावशींना शंका आली. त्यांच्या मालकांची सॉर्बिट्रेट ही हृदयाची गोळी घरात होती, ती त्यांनी जिभेखाली ठेवली. बाई बसल्या जागी कोसळल्या. मावशींचा हेतू चांगला होता, आणि ही गोळी अटॅकमध्ये वापरतातही. पण खालच्या भिंतीबरोबर हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडला असेल, तर तो कप्पा मागून भरून येणाऱ्या रक्तावरच कसाबसा चालत असतो. सॉर्बिट्रेटने शिरा सैल पडतात, परत येणारं रक्त घटतं आणि बीपी धाडकन उतरतं. म्हणून बीपी न बघता दुसऱ्याची ही गोळी देऊ नका. हॉस्पिटलमध्ये आणताना बाईंचं बीपी 80 वर होतं, नाडी 46.

आमच्याकडे काढलेल्या पहिल्या ईसीजीत बदल होता, पण किरकोळ. पंधरा मिनिटांनी पुन्हा काढला तेव्हा खालच्या भिंतीच्या लीड्समध्ये रेषा स्पष्ट वर उचललेली होती. छातीच्या उजव्या बाजूला लीड लावून पाहिलं, तर उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडलेला. सलाइन दिल्यावर बीपी सावरलं आणि लगेच अँजिओग्राफीला नेलं. उजवी धमनी पूर्ण बंद होती, स्टेंट बसवला. बाई वाचल्या, पण पाच-सहा तासांत स्नायूचा काही भाग कायमचा गेला. आता जिना चढताना त्या मध्येच थांबतात.

तेव्हा पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घाम आणि मळमळ चालूच असलेल्या माणसाला घेऊन घरी निघू नका. "पुन्हा कधी काढणार?" हे विचारा. ट्रोपोनिन या रक्ततपासणीचंही तसंच. स्नायूला इजा झाल्यावर ते रक्तात दिसण्याइतकं वाढायला वेळ लागतो, त्यामुळे त्रास नुकताच सुरू झाला असेल तर पहिला रिपोर्ट फसवू शकतो. काही तासांनी तो परत करतात.

कुणाचं दुखणं असं दबलेलं असण्याची शक्यता जास्त, याचा थोडा अंदाज घरीही येतो. साखर दहा-पंधरा वर्षं जुनी आहे, तळपाय बधिर आहेत, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, शांत बसलेलं असतानाही नाडी शंभरच्या आसपास पळते, किंवा मूत्रपिंडावर परिणाम सुरू झालाय. यातलं काही असेल तर त्या माणसाच्या बाबतीत "छातीत दुखत नाही ना?" या प्रश्नावर विसंबू नका. काल धुणं सहज उरकणारी बाई आज बादली उचलताना धापा टाकते, हेही त्यांच्यात लक्षणच धरावं.

घाम फुटला की आधी बोटाला सुई टोचून आकडा बघा. 70 च्या खाली असेल आणि माणूस गिळण्याइतका शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा. मीटर नसेल तर त्याची वाट न बघता साखर द्या. पण आकडा आधीपासून बरा असेल, किंवा तो सुधारूनही घाम राहिला, तर 108 ला फोन लावा आणि ईसीजी निघेल अशाच ठिकाणी न्या. स्कूटरवर मध्ये बसवून नेऊ नका. वाटेत नाडी बिघडली तर तिथे काहीच करता येत नाही. ॲस्पिरिनचं 108 च्या डॉक्टरला विचारा. ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर साधारण 300 मिलिग्रॅम चावून खायला सांगतात.

आणि दारातच, स्ट्रेचर ढकलत असताना, "उलट्या होतायत" एवढ्यावर थांबू नका. "साखर सोळा वर्षांची आहे, घाम थांबत नाही, साखर उतरलेली नाही" असं एका दमात सांगा. पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा.