गिटलॅब सराव, तिसरा मसुदा: “पाचपैकी एकही चालत नाही” या वाक्याचे काय करावे?

गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या ३१ जानेवारी २०१७ च्या आउटेजवर, त्या रात्री व्यवस्थापनाला पाठवायच्या संदेशाचा सराव म्हणून लिहिलेला माझा दुसरा मसुदा आपल्या गटातील निवृत्त संचालकांनी एका प्रश्नासह परत पाठवला: “ग्राहकांचे नेमके काय गेले?” दीड पान लिहूनही त्याचे उत्तर माझ्या मसुद्यात नव्हते.

घटना आपल्याला पाठ आहे. दुय्यम सर्व्हर समजून एका अभियंत्याकडून डेटाबेसच्या मुख्य सर्व्हरवर `rm -rf` ही फाइली पुसणारी आज्ञा चालली आणि सुमारे ३०० जीबी डेटापैकी साधारण ४.५ जीबीच उरले. माझे घोडे अडले ते अभियंत्यांच्या खुल्या टिपणातील एका वाक्यावर: बॅकअप व प्रतिकृतीच्या पाच व्यवस्थांपैकी एकही भरवशाने चालत नाही, किंवा मुळात बसवलेलीच नाही. पहिल्या मसुद्यात मी त्याचे “काही बॅकअपमध्ये तांत्रिक अडचणी आल्या” असे केले होते; ते शांत होते, पण खोटे होते. दुसऱ्यात कारणेही घातली: बॅकअप घेणाऱ्या `pg_dump` ची आवृत्ती ९.२, डेटाबेस ९.६, त्यामुळे बॅकअप अयशस्वी, आणि ते कळवणाऱ्या ईमेल प्रेषक पडताळणाऱ्या डीमार्कमुळे नाकारल्या गेलेल्या. हे सारे खरे आहे आणि मला अतिशय प्रियही आहे, परंतु त्या रात्री व्यवस्थापनाचा एकही निर्णय त्यावर अवलंबून नव्हता, म्हणून मी ते नाइलाजाने काढले.

आता प्रत्येक ओळीपुढे मी “पडताळले”, “अंदाज” किंवा “माहीत नाही” असे लिहितो आणि मगच वाक्य जुळवतो. तिसरा मसुदा असा आहे:

“नियमित बॅकअपमधून डेटाबेस परत आणता येत नाही, हे पडताळले आहे. अपघाताच्या सुमारे सहा तास आधीची एक प्रत उपलब्ध असून तीवरून पुनर्स्थापना चालू आहे. १७:२० यूटीसीनंतर नोंदवलेले प्रकल्प, टिप्पण्या व नवी खाती यांचे नुकसान गृहीत धरावे. गिट रिपॉझिटरी सुरक्षित आहेत. सेवा सुरू होण्याची वेळ सांगता येत नाही. पुढील माहिती दोन तासांनी.”

“गृहीत धरावे” या दोन शब्दांवर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि ते सापडल्याचा आनंद मी अजून घेत आहे. अभियंत्याचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे, कारण व्यवस्थापनाला या टप्प्यावर नाव मिळाले की बाकीचा मजकूर वाचला जात नाही.

एक चूक मात्र उशिरा ध्यानात आली. दुसऱ्या मसुद्यात मी सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० खाती हे आकडे दिले होते, आणि ते नंतरच्या अहवालातले आहेत. त्या रात्री ते हाती होते असे धरता येत नाही. चॅट निर्यात करणाऱ्या साधनांचाही मला राग आहे, कारण त्यांतली काही स्थानिक वेळ छापतात आणि वेळक्षेत्र सांगत नाहीत. १७:२० यूटीसी म्हणजे आपले रात्रीचे १०:५०, आणि हा फरक निसटला की तारीखच बदलू शकते. मी कालरेषा साध्या मजकूर फाइलमध्ये हातानेच लिहितो.

पुढे अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेचा फेब्रुवारी २०१७ चा आउटेज घेणार होतो, पण हे लिहिताना विचार बदलला. आधी याच घटनेचे आणखी दोन मसुदे करीन: एक हटवणे थांबवल्यानंतर अर्ध्या तासाचा, जेव्हा ती सहा तास आधीची प्रत हाती आहे असे धरायचे नाही, आणि दुसरा सकाळचा, जेव्हा संथ डिस्कवरून नक्कल रेंगाळत होती आणि सांगण्यासारखे नवे काहीच नव्हते. दुसरा अधिक अवघड जाईल असे वाटते.