लाइट गेली आणि वही दिसली

इंदूरला रामबागेतल्या घरातून मी गणिताच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. शाळेतली नोकरी सोडल्यापासून हेच. आठवीतला एक मुलगा विजयनगरला राहतो, त्याला इथे चिनू म्हणू. एकाच गावात राहून ऑनलाइन कशाला, असं माझ्या सासूबाई अजून विचारतात. पण संध्याकाळी सातला विजयनगरहून रामबागेत मुलाला आणायचं, बाहेर थांबायचं आणि परत न्यायचं, यात त्याच्या आईचे दोन तास सहज जातात. ती स्वतः ऑफिसातून साडेसहाला घरी येते.

तेव्हा आमचं गणित साधं होतं. सोमवार आणि गुरुवार, सात ते साडेआठ, तासाला चारशे रुपये. महिन्याचे बारा तास म्हणून चार हजार आठशे. गूगल मीटवर भेटायचं. फळ्यासाठी आधी जॅमबोर्ड वापरायचे. 2024च्या शेवटी गूगलने तो बंद केला, तेव्हा एक्सकॅलिड्रॉवर आले. पेन टॅबवर मी लिहायचे, स्क्रीन शेअर करायचे आणि चिनू समोर बसून वहीत लिहायचा. विचारलं की उत्तर द्यायचा, बहुतेक बरोबर. वही कॅमेऱ्यासमोर धरायचा, ती नीटनेटकी. मी समाधानी होते.

मग शाळेच्या चाचणीत त्याला वीसपैकी नऊ मिळाले.

त्याच्या आईचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. ‘‘ताई, घरी तर सगळं येतं त्याला. पेपरात काय होतं कळत नाही.’’ मी नेहमीचं सांगितलं, घाई करत असेल, घाबरत असेल. आज ते आठवलं की लाज वाटते, कारण मी त्याची वही कधी बघितलीच नव्हती. लिहून झालेली वही बघितली होती. हात चालताना कधीच नाही.

त्यानंतरच्या गुरुवारी जुलैचा पाऊस लागला होता. सव्वासातला लाइट गेली आणि राउटरही गेला. लॅपटॉपला बॅटरी होती, म्हणून फोनचं हॉटस्पॉट लावून पुन्हा जोडले. तर येणारं दिसत होतं, पण माझ्याकडून काही जात नव्हतं. फळा त्याच्याकडे अर्धवट गोठला. शेअर बंद केलं, माझा व्हिडिओ बंद केला, उरला नुसता आवाज. म्हटलं चला, तोंडी करू. गणित सांगितलं:

7 − 2(x − 3) = 5

नेहमीपेक्षा बराच वेळ गेला. मग, ‘‘काकू, चार.’’

उत्तर बरोबर होतं. शाबास म्हणून पुढच्या गणिताकडे वळणारच होते. पण वीसपैकी नऊ डोक्यात होते. शिवाय करण्यासारखं दुसरं काही नव्हतंही, फळाच नव्हता. म्हटलं, आईचा फोन आण, त्यावरूनही हीच लिंक उघड. त्या फोनचा माइक बंद कर आणि आवाज पूर्ण खाली घे. हे आधी सांगावं लागतं, नाहीतर दोन यंत्रं एका खोलीत आली की एकमेकांचा आवाज पकडून किंचाळायला लागतात. मग मागचा कॅमेरा लावून फोन पुस्तकांच्या ढिगावर आडवा ठेव, कॅमेऱ्याचं टोक ढिगाच्या बाहेर, वर एक जड पुस्तक, म्हणजे पडणार नाही. लॅपटॉपचा कॅमेरा बंद कर, मला तुझं तोंड नको, वही हवी.

आधी पंखा दिसला. मग टेबलाची कड. मग वही, पण उलटी. ‘‘मला तर सरळ दिसतेय, काकू.’’ तो वही फिरवत राहिला. शेवटी वही राहू दे, फोन अर्धा गोल फिरव, असं सांगितल्यावर जमलं. उजव्या हाताची सावली नेमकी लिहितो तिथे पडत होती, म्हणून टेबललॅम्प डावीकडे घ्यायला लावला. एवढ्यात दहा मिनिटं गेली. पण मग मला जे दिसलं, ते असं:

5(x − 3) = 5
x − 3 = 1
x = 4

सातातून दोन त्याने आधीच वजा केले होते आणि आलेले पाच कंसाला लावले होते. रीत पूर्ण चुकीची, उत्तर अगदी बरोबर. योगायोग असा की x चार असला की कंसाची किंमत 1 येते. मग सातातून दोन आधी वजा करा नाहीतर नंतर, पाचच उरतात. हे गणित मीच बनवलेलं होतं. त्यात एवढी मोठी फट आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्याला काही बोलले नाही. फक्त उजवीकडचा 5 पुसून 1 करायला सांगितला.

हात पुन्हा तसाच चालला. 5(x − 3) = 1, मग x = 16/5. इथे थांबला. ‘‘काकू, फ्रॅक्शन आलं.’’ म्हटलं, येऊ शकतं, ठेवून बघ. कंसात 16/5 − 3, म्हणजे 1/5. त्याची दुप्पट सातातून काढ. ते साडेसहाच्याही वर आलं, आणि हवा होता एक. पेन हवेत थांबलेलं मला दिसत होतं. मग मी विचारलं, दोन आणि कंस यांच्यामध्ये काय आहे? म्हणाला, काही नाही. त्याच्या दृष्टीने खरंच काही नव्हतं. बॉडमास त्याला तोंडपाठ होतं, पण जो गुणाकार लिहिलेलाच नाही तो आधी करायचा, हे त्याला कुठून कळणार? डावीकडून वाचत आला, सात वजा दोन दिसलं, करून टाकलं. दोन आणि कंसाच्या मध्ये गुणाकाराची खूण लिहायला लावली, 7 − 2 × (x − 3) = 1, आणि मग उत्तर 6 आलं. ठेवून बघितलं तर जुळलं.

आठ वाजून गेले आणि स्क्रीनवर सूचना आली, कॉल संपत आला आहे. आधी कळेना का. मग उलगडलं. मीटच्या फुकट खात्यावर दोघांच्या कॉलला फारशी मर्यादा नसते, पण तिघे झाले की एक तासच मिळतो. फोन वेगळा जोडला तर तोही एक माणूस धरला जातो. पुन्हा जोडलं असतं, पण म्हटलं आज एवढं पुरे.

रात्रभर एकच प्रश्न छळत होता. हीच रीत तो माझ्यासमोर इतके महिने वापरत असेल, तर वहीत एकदाही कशी दिसली नाही? सोमवारी लाइट होती, फळा होता, फोन पुन्हा ढिगावर ठेवायला लावला होता. मी शिकवायला लागले आणि एक डोळा त्याच्या वहीवर ठेवला. मी ओळ लिहिली की तो लिहायचा. मी थांबले की पेन थांबायचं. मुद्दाम खोकल्याचं निमित्त करून अर्धं मिनिट थांबले. पेन कागदावर टेकवून तो स्क्रीनकडे बघत बसला. मग पुढच्या ओळीत मी जाणूनबुजून चुकीचं चिन्ह लिहिलं, +6 च्या जागी −6. त्याने तेही जसंच्या तसं उतरवलं, काहीही न खटकता.

तो माझ्या एक ओळ मागे चालत होता. त्याच्या वहीत त्याचं गणित नव्हतंच, माझं होतं, त्याच्या अक्षरात. तोंडी उत्तरं अंदाजाने यायची, कारण माझी गणितं सोपी आणि उत्तरं लहान असायची. आळशी मुलगा नव्हता हो. वर्गात फळ्यावरचं उतरवायचं असतं, तेच तो इथे करत होता. चूक माझ्या रचनेची होती. दीड तास सलग मीच लिहीत होते.

मग सगळं बदललं. आठवड्यातून तीन दिवस, सोम, बुध, शुक्र, सात ते पावणेआठ. एक कारण तो तासाचा कॉल. खरं कारण असं की चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनंतर तो फक्त उतरवत असतो. पहिली दहा मिनिटं मागच्या गणितांची, वीस मिनिटं नवीन, आणि शेवटची पंधरा मिनिटं फळा बंद, माझा माइक बंद, तो एकटा लिहितो आणि मी बघते. यातली पंधरा मिनिटं मला फार जड गेली. तोंड मिटून बसणं मास्तरणीला जमत नाही.

फीवरून थोडं बोलणं झालं, ते होणारच होतं. त्याची आई म्हणाली, ‘‘ताई, बारा तासांचे नऊ झाले, मग छत्तीसशेच ना?’’ हिशोब बरोबर होता. मी सांगितलं की प्रत्येक शिकवणीनंतर तो वहीचे फोटो पाठवेल आणि ते तपासायला मला दहा मिनिटं लागतील, म्हणजे महिन्याला दोन तास. त्याचे आठशे होतात. शेवटी बेचाळीसशेवर ठरलं. तासाचा दर मी कायमचा बंद केला, कारण तासाचा दर लावला की लांबवत बसायचा मोह आपल्यालाच होतो. आता बारा शिकवण्यांचा एक हप्ता, पैसे आधी. महिना कॅलेंडरचा नाही, बारा मोजायचे. त्यामुळे गणपती असो की रंगपंचमीची गेर, सुट्टीवरून वाद होत नाही, हप्ता पुढे सरकतो. दुपारी तीनच्या आत कळवलं तर ती शिकवणी मोजायची नाही, नंतर कळवलं तर मोजायची. माझी लाइट किंवा नेट गेलं तर माझी जबाबदारी, भरून देणार. आणि त्या नऊ मार्कांपायी पहिल्या हप्त्यात तीन शिकवण्या मी हिशोबात धरल्या नाहीत. आईने नको म्हटलं, पण मला चैन पडलं नसतं.

भूमितीला मात्र हा फोन पुरत नाही. ढिगावरचा फोन जरा कलता राहिला की नव्वदचा कोन मला ऐंशीसारखा दिसतो, आणि कंपास धरलेला हात नेमकं टोक झाकतो. रचना चुकली की नुसती दिसायला वाकडी आहे, हे सांगता येत नाही. म्हणून चौकोनांच्या रचनेच्या चार शिकवण्या रविवारी सकाळी ठरवल्या, समोरासमोर, त्याच पैशात. तेव्हा रस्ते मोकळे असतात. पहिल्या रविवारी आई त्याला सोडायला आली ती हातात पोहे-जलेबीचं पुडकं घेऊनच, आणि सासूबाईंनी तिलाही विचारलं, मग एरवी ऑनलाइन कशाला?